शैक्षणिक कर्ज : हप्तेस्थगिती कधी संपली, किती दिवसांचे व्याज वाढले?

शैक्षणिक कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याला शिक्षण सुरू असताना हप्ते भरावे लागत नाहीत. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढी मुदत परतफेडीतून वगळलेली असते. बँकेच्या कागदपत्रांत या सवलतीला मोरेटोरियम, म्हणजेच हप्तेस्थगिती, असे म्हटले जाते. ही मुदत संपली की पहिल्या हप्त्याची सूचना येते, आणि कर्जाची रक्कम अपेक्षेपेक्षा बरीच मोठी दिसत असल्याने अनेक कुटुंबे गोंधळून जातात.

स्थगिती हप्त्यांना असते, व्याजाला नसते. मार्च ते ऑगस्ट २०२० या कोरोना काळातील हप्तेस्थगितीमुळे हे देशभरातील कर्जदारांच्या लक्षात आले होते. त्या वेळी व्याजावरील व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २३ मार्च २०२१ च्या निकालाने त्या सहा महिन्यांसाठी व्याजावर व्याज आकारू नये, असे ठरले. शैक्षणिक कर्जातील स्थगिती याहून वेगळी आहे. ती मूळ करारातच असते आणि त्या काळात सरळ व्याज आकारले जाते. स्थगिती संपली की साचलेले व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि त्या एकत्रित रकमेवर मासिक हप्ता ठरतो. म्हणूनच स्थगिती नेमकी कोणत्या तारखेला संपली, या प्रश्नाला पैशांचे मोल आहे.

एक उदाहरण पाहू. समजा, इंदूर येथील एका विद्यार्थ्याने चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमासाठी कर्ज घेतले. दर वर्षी १ ऑगस्टला दीड लाख रुपये याप्रमाणे २०२१ ते २०२४ या काळात एकूण सहा लाख रुपये बँकेने महाविद्यालयाला दिले. व्याजदर १० टक्के. तो प्रत्यक्षात बदलता असतो, पण हिशेबाच्या सोयीसाठी येथे स्थिर धरला आहे. मंजुरीपत्रात अभ्यासक्रमाची अखेर ३१ मे २०२५ अशी नोंदली होती. त्यानुसार संगणकातील नोंदीत स्थगिती ३१ मे २०२६ रोजी संपते. चारही रकमांवरील सरळ व्याज त्या दिवसापर्यंत सुमारे २,००,०९६ रुपये होते आणि कर्जाचा आकडा ८,००,०९६ रुपयांवर जातो.

परंतु शेवटच्या सत्राची परीक्षा लांबली आणि महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची तारीख ३० जून २०२५ अशी आली. ही तारीख मान्य झाली तर स्थगिती ३० जून २०२६ पर्यंत चालते. फरक फक्त तीस दिवसांचा आहे. मात्र स्थगितीच्या काळात सहा लाखांवर दररोज १६४ रुपये ३८ पैसे व्याज लागते, तर व्याज मुद्दलात मिळवल्यानंतर तेच २१९ रुपये २० पैसे होते. तीस दिवस आधी व्याज मिळवले गेल्याने सुमारे १,६४५ रुपये अधिक आकारले जातात. ही रक्कम दहा वर्षांच्या परतफेडीत तशीच राहिली, तर तिच्यापोटी एकूण सुमारे २,६०० रुपये भरावे लागतील. त्याहून मोठा धोका नोकरी अद्याप न लागलेल्या विद्यार्थ्याला असतो. एक महिना आधी आलेला हप्ता चुकला की खाते थकीत दिसू लागते आणि पतनोंदीत त्याची खूण राहते.

बँकेची नोंद बहुधा हेतुपुरस्सर चुकीची नसते. कर्ज मंजूर करताना जी अंदाजे तारीख संगणकात घातली जाते तीच पुढे चालत राहते, आणि प्रमाणपत्र शाखेत दिल्याशिवाय ती आपोआप बदलत नाही. तरीही प्रमाणपत्र दिले म्हणजे बँक बांधील झाली, असे समजू नये. आदर्श योजनेत वेळेत अभ्यासक्रम पूर्ण न झाल्यास जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते, पण ती मागावी लागते आणि बँकेने मंजूर करावी लागते. काही जुन्या मंजुरीपत्रांत 'अभ्यासक्रमानंतर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी' असे कलम आहे. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी आपल्या मंजुरीपत्रातील शब्द वाचणे हे पहिले काम.

आता अतिरिक्त दिवसांकडे वळू. वरील उदाहरणात बँकेच्या नोंदीप्रमाणे स्थगिती ३१ मे रोजी संपली आणि पहिला हप्ता ५ जुलै २०२६ रोजी ठरला. १ जून ते ४ जुलै हे ३४ दिवस झाले. मासिक हप्त्याच्या कोष्टकात एका महिन्याचे, म्हणजे जूनच्या ३० दिवसांचे व्याज धरलेले असते. उरलेले चार दिवस कोष्टकाबाहेरचे. त्यांचे व्याज सुमारे ८७७ रुपये होते. बँका ते वेगवेगळ्या रीतीने घेतात. कोणी ते स्वतंत्र मागते, कोणी पहिल्या हप्त्यात मिळवते, तर कोणी मुद्दलात टाकते आणि शेवटी एखादा लहान हप्ता वाढतो. यांपैकी काय झाले, हे खातेउताऱ्यावरून सहज कळत नाही. ते विचारूनच घ्यावे लागते. पैसे वापरले त्या दिवसांचे व्याज बँकेने मागणे रास्तच आहे, पण तेच दिवस दोनदा मोजले जाऊ नयेत. सर्वसाधारणपणे रक्कम दिल्याचा दिवस धरतात आणि परतफेडीचा दिवस सोडतात. दोन्ही धरले गेले असतील तर एक दिवस वाढतो.

या संदर्भात रिझर्व्ह बँकेचे २९ एप्रिल २०२४ चे परिपत्रक लक्षात ठेवण्याजोगे आहे. काही संस्था रक्कम प्रत्यक्ष देण्याऐवजी मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावतात, तसेच महिन्याच्या मध्येच कर्ज दिले किंवा फेडले गेले तरी संपूर्ण महिन्याचे व्याज घेतात, असे तपासणीत आढळले होते. असे जादा व्याज ग्राहकांना परत करण्यास आणि ही पद्धत दुरुस्त करण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले. जेवढे दिवस रक्कम कर्जदाराकडे होती तेवढ्याच दिवसांचे व्याज, हे त्यामागील सूत्र आहे. शैक्षणिक कर्जाच्या प्रत्येक हप्त्याबाबत रक्कम महाविद्यालयाला कोणत्या दिवशी पोचती झाली, हे फीच्या पावतीशी ताडून पाहावे.

स्थगितीच्या काळात व्याजावर व्याज लागले का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जुलै आणि ऑगस्ट हे लागोपाठचे दोन महिने ३१ दिवसांचे असतात. त्या दोन महिन्यांत नवी रक्कम दिली गेली नसेल आणि दर बदलला नसेल, तर दोन्ही महिन्यांचे व्याज सारखे हवे. सहा लाखांवर १० टक्क्यांनी ते ५,०९५ रुपये ८९ पैसे येते. ऑगस्टमध्ये ते ५,१३९ रुपये दिसले, तर जुलैचे व्याज मुद्दलात मिसळले आहे असे समजावे. वरील विद्यार्थ्याच्या बाबतीत ही तपासणी २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये करता येते. डिसेंबर-जानेवारीची जोडीही याच कामी येते.

विचारणा तोंडी न करता पत्राने करावी. शाखा महाराष्ट्राबाहेर असेल तर हेच पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे. पत्र लांबवू नये आणि त्यात तक्रारीचा सूर नसावा. पुढील नमुना पुरेसा आहे.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय : शैक्षणिक कर्ज खाते क्र. ........ – हप्तेस्थगितीची अखेरची तारीख व अतिरिक्त दिवसांच्या व्याजाचा तपशील मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील कर्ज आपल्या शाखेने दि. ........ च्या मंजुरीपत्रान्वये दिले आहे. महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रानुसार माझा अभ्यासक्रम दि. ........ रोजी पूर्ण झाला असून प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. कृपया पुढील माहिती लेखी कळवावी.

आपल्या नोंदीप्रमाणे हप्तेस्थगिती कोणत्या तारखेला संपली व ती मंजुरीपत्राच्या कोणत्या कलमानुसार ठरली? साचलेले व्याज कोणत्या तारखेला मुद्दलात मिळवले व ती रक्कम किती? स्थगिती संपल्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंत किती दिवसांचे व्याज आकारले, कोणत्या रकमेवर, कोणत्या दराने, आणि ते हप्त्यात, मुद्दलात की स्वतंत्रपणे घेतले?

सोबत कर्ज दिल्यापासूनचा संपूर्ण खातेउतारा व परतफेडीचे कोष्टक द्यावे. अभ्यासक्रमपूर्तीच्या तारखेत फरक असल्यास नोंद दुरुस्त करून सुधारित कोष्टक देण्याची विनंती आहे.

आपला/आपली विश्वासू,
(कर्जदार व सहकर्जदार यांच्या सह्या)

सहकर्जदार म्हणून आई किंवा वडिलांची सही असल्यास शाखेला माहिती देण्यात अडचण राहत नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. ई-मेलने पाठवल्यास तक्रार किंवा विनंती क्रमांक जपून ठेवावा. पत्राला उत्तर येईपर्यंत हप्ता थांबवू नये. कर्जदाराचे म्हणणे खरे ठरले तरी मधल्या काळातील थकबाकीची नोंद पुसून घेणे कठीण जाते.

व्याज अनुदान योजनेचा लाभ मिळालेल्या विद्यार्थ्यांनी पत्रात आणखी एक वाक्य जोडावे. वार्षिक साडेचार लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीच्या केंद्राच्या योजनेत केवळ स्थगितीच्या काळाचे व्याज सरकार भरते. त्यानंतरचा प्रत्येक दिवस कर्जदाराच्या खिशातला असतो. त्यामुळे अनुदान कोणत्या तारखेपर्यंतच्या व्याजासाठी जमा झाले, हे विचारून ती तारीख स्थगितीच्या तारखेशी जुळते का ते पाहावे.

बँकेने उत्तर दिल्यावर आकडे स्वतः मोजून पाहता येतात. रक्कम गुणिले दर गुणिले दिवस, आणि या गुणाकाराला ३६,५०० ने भागायचे. आपला हिशेब आणि बँकेचा हिशेब यांत काही पैशांचा फरक पडला, तर तो पूर्णांकांचा असतो. शे-दोनशे रुपयांचा फरक असेल, तर बहुधा एखादा दिवस अधिक धरलेला असतो किंवा व्याजदर मध्येच बदललेला असतो. अशा वेळी कोणत्या तारखेपासून कोणता दर लागू झाला, याचा तक्ता मागावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. तेथे बँकेला आधी दिलेल्या पत्राची पोच सर्वप्रथम मागितली जाते.