उत्तर दिलं, पण आदेश कुठे आहे?

हार्डवेअरचं एक छोटं दुकान आहे असं समजा. जीएसटीचे अधिकारी पाहणीला आले, त्या दिवशी दुकान बंद होतं. ‘नोंदलेल्या पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही, नोंदणी रद्द का करू नये?’ अशी कारणे दाखवा नोटीस 3 फेब्रुवारी 2025 रोजी आली. त्याच दिवशी नोंदणी निलंबितही झाली. उत्तराला कामकाजाचे सात दिवस असतात. दुकानदाराने 10 फेब्रुवारीलाच भाडेकरार, वीजबिल आणि दुकानाच्या पाटीचा फोटो जोडून पोर्टलवर उत्तर भरलं. जून उजाडला तरी कार्यालयाकडून एक ओळही आली नाही.

नियम 22 प्रमाणे उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा असतो. उत्तर पटलं तर आरईजी-20 या नमुन्यात नोटीस मागे घ्यायची, नाही पटलं तर आरईजी-19 मध्ये नोंदणी रद्द करायची. आपल्या दुकानदाराच्या बाबतीत ही मुदत 12 मार्चला संपली. पण मुदत उलटली म्हणून नोटीस आपोआप रद्द होत नाही. नव्या नोंदणीच्या अर्जावर अधिकारी ठरलेल्या वेळेत काहीच बोलला नाही, तर अर्ज मंजूर मानण्याची तरतूद आहे. नोंदणी रद्द करण्याच्या प्रकरणात तशी सोय नाही.

खरा जाच निलंबनाचा आहे. अधिकाऱ्याने मध्येच उठवलं नाही तर नोटिशीचा निकाल लागेपर्यंत ते कायम राहतं आणि तोवर कर लावलेलं बिल फाडता येत नाही. करबिल मिळत नाही म्हटल्यावर घाऊक गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळतं. शिवाय अपील करायचं तर ते आदेशाविरुद्ध करतात, आणि इथे आदेशच नाही. प्रतिकूल आदेश निदान अपिलाचं दार उघडतो. आदेश न देणं तेही बंद ठेवतं.

अशा वेळी स्मरणपत्र लिहायचं. त्याआधी पोर्टलवरचा नोटिसा आणि आदेशांचा विभाग मात्र नीट तपासा. कधी आदेश तिथे येऊन पडलेला असतो आणि दुकानदाराच्या नजरेतून सुटलेला असतो. तसं असेल तर स्मरणपत्रात दिवस घालवू नका. नोंदणी पूर्ववत करण्याच्या अर्जाला नव्वद दिवस आणि अपिलाला तीन महिने मिळतात, आणि ते दिवस आधीच सुरू झालेले असतात.

आदेश नसेल तर पत्र एका पानात बसतं. ते अधिकाऱ्याच्या नावाने न लिहिता पदनामाने लिहावं, कारण मधल्या काळात बदली झालेली असू शकते. नोटीस राज्याच्या कार्यालयाची की केंद्राच्या, हे नोटिशीवरूनच पाहून घ्यावं. विषयाखाली ‘संदर्भ’ म्हणून नोटिशीचा क्रमांक व तारीख आणि उत्तर भरताना पोर्टलने दिलेला क्रमांक लिहावा. हा क्रमांक उत्तर पोचल्याचा पुरावा आहे, ते कोणी वाचल्याचा नव्हे. मजकूर साधारण असा:

‘वरील नोटिशीला मी 10 फेब्रुवारी 2025 रोजी कागदपत्रांसह उत्तर सादर केले आहे. नियम 22 मधील तीस दिवसांची मुदत 12 मार्च रोजी संपली. आज 16 जून, म्हणजे 126 दिवसांनंतरही मला सुनावणीची सूचना किंवा आदेश मिळालेला नाही. नोंदणी निलंबित असल्याने करबिल देता येत नाही. कृपया उत्तर विचारात घेऊन नोटीस मागे घेण्याचा आदेश द्यावा. उत्तर समाधानकारक वाटत नसल्यास सुनावणी देऊन कारणांसह आदेश द्यावा. उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.’

यातलं शेवटचं वाक्य विसरू नये, कारण ‘तुमचं उत्तर फाईलला नाही’ हे कारण त्याने आधीच निकाली निघतं. सगळी बाजू पुन्हा मांडत बसू नका. पत्र लांबलं की त्याचं दुसरं उत्तर होतं आणि मुदतीचा मुद्दा त्यात बुडतो.

पत्र टपाल शाखेत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तेच पत्र कार्यालयाच्या ई-मेलवरही पाठवा. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर दुसरं स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत वरिष्ठ अधिकाऱ्याला पाठवा.

एवढ्यानेही काही घडलं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका करून ‘ठरावीक दिवसांत निर्णय द्या’ असा आदेश मागता येतो. तिथे साधारणपणे पहिला प्रश्न असतो, तुम्ही अधिकाऱ्याकडे मागणी केली होती का? आवक क्रमांक असलेली ती एका पानाची प्रत हे त्याचं उत्तर आहे. म्हणून तिसावा दिवस कॅलेंडरवर आजच खुणेने मांडा आणि एकतिसाव्या दिवशी पत्र द्या. चार महिने वाट पाहू नका.