त्रेचाळिसाव्या वर्षाचा स्वामी

दुसऱ्या शतकातील ग्रीक ज्योतिषी वेट्टियस व्हॅलेन्स याने वर्षफळाची एक रीत सविस्तर मांडली आहे. पुढे तिला ‘प्रोफेक्शन’ म्हणजे प्रस्थान हे लॅटिन वळणाचे नाव मिळाले. दर वाढदिवशी जन्मलग्न एक रास पुढे सरकते असे मानायचे आणि ज्या राशीवर ते येईल, तिच्या स्वामीला वर्षाचा स्वामी म्हणायचे. आपल्या ताजिक वर्षफळातील मुंथा अशीच चालते. तो शब्दही मूळचा अरबी.

गणित सोपे आहे. पूर्ण झालेल्या वर्षांना १२ने भागावे आणि बाकीत १ मिळवावा. येईल ते त्या वर्षाचे स्थान. राणी व्हिक्टोरियाचे उदाहरण घेऊ. जन्म २४ मे १८१९, पहाटे सव्वाचार, लंडन. सायन पद्धतीने लग्न मिथुन. पती अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारला, तेव्हा तिला ४२ पूर्ण झाली होती. भागाकाराची बाकी ६, म्हणून स्थान सातवे. मिथुनेपासून सातवी रास धनू, तिचा स्वामी गुरू. जोडीदाराच्या स्थानाचे वर्ष, आणि त्यातच वैधव्य.

इथे नेहमीची चूक होते ती चालू वर्ष धरण्याची. ४३ घेतले तर आठवे स्थान, मकर रास आणि शनी हाती येतो. आठवे स्थान मृत्यूचे, त्यामुळे चुकलेले गणितही तितकेच पटते! पडताळा एकच: जन्मानंतरच्या पहिल्या वर्षी वय शून्य, बाकी शून्य, म्हणजे मोजणी लग्नावरच राहिली पाहिजे. निरयन मोजणीत मात्र व्हिक्टोरियाचे लग्न वृषभेत जाते. स्थान सातवेच राहते, पण रास वृश्चिक आणि स्वामी मंगळ होतो.

आता उलट बाजू पाहू. १० फेब्रुवारी १८४० रोजी तिचे लग्न झाले, तेव्हा वय २०, म्हणजे नववे स्थान, कुंभ रास, स्वामी शनी. सप्तमेश गुरू जन्मतः कुंभेतच आहे, असे सांगून हाही विवाह जुळवता येतो. उलट १८व्या वर्षी सातवे स्थान असताना मिळाले ते सिंहासन.

व्हॅलेन्सच्या परंपरेत नुसत्या स्थानावर निर्णय देत नाहीत. वर्षस्वामी जन्मपत्रिकेत कसा आहे आणि त्या वर्षी कुठून भ्रमण करतो, हेही पाहतात. म्हणजे ही रीत कोणत्या ग्रहाकडे पाहायचे एवढे सांगते; काय घडेल ते सांगत नाही. ८१ वर्षे जगलेल्या व्हिक्टोरियाच्या वाट्याला सातव्या स्थानाची वर्षे सात वेळा आली. विधवा ती एकदाच झाली. म्हणून वर्षस्वामीचे भाकीत घटनेआधी लिहून ठेवलेले असेल, तरच त्याला परीक्षा म्हणता येईल.