वंशावळीवरून वाहकत्वाची संभाव्यता : सिकलसेलचे उदाहरण

वर्धा जिल्ह्यासह विदर्भात आढळणारा सिकलसेल आजार वंशावळीच्या प्रश्नास सोयीचा आहे. आईवडील निरोगी, पण मुलगी आजारी असेल, तर दोष अप्रभावी ठरतो. तो एक्स गुणसूत्रावर असता तर वडीलही आजारी असते. अर्थात दोघेही वाहक होत. मग तिचा निरोगी भाऊ वाहक असण्याची संभाव्यता किती? उत्तरपत्रिकांत अनेकदा १/२ लिहिले जाते. वस्तुतः चार समान शक्यतांपैकी आजाराची एक, भाऊ निरोगी असल्याने, आधीच बाद होते. उरलेल्या तीनपैकी दोन वाहकत्वाच्या, म्हणून २/३. त्याची पत्नी वाहक असल्यास अपत्यास आजाराचा धोका २/३ × १/४ = १/६. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये भाऊ वाहक आढळला, तर मात्र हाच धोका १/४ होतो.