हिस्टिडीनची शेपटी आणि निकेलची पकड

ई. कोलाय या जिवाणूकडून हवं ते प्रथिन बनवून घेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खरं काम पुढे असतं. पेशी फोडल्यावर जो गढूळ रस हाती येतो, त्यात जिवाणूची स्वतःची हजारो प्रथिनं असतात आणि त्यांतून आपलं एकच वेगळं काढायचं असतं. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी युक्ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाझेलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत होखुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली: प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडायची आणि निकेलला ती धरू द्यायची.

उदाहरण म्हणून जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, घेऊ. ते नुसत्या डोळ्यांना दिसतं, त्यामुळे कॉलममध्ये काय चाललंय ते समजायला सोपं जातं.

कॉलम म्हणजे खाली तोटी असलेली छोटी नळी. तिच्यात फिक्या निळ्या रंगाचे बारीक मणी भरलेले असतात. प्रत्येक मण्यावर एनटीए नावाच्या रेणूंनी निकेलचे अणू धरून ठेवलेले असतात. निकेलला सहा ठिकाणी बंध जोडता येतात. त्यांतल्या चार जागा एनटीए अडवतो आणि उरलेल्या दोन जागी हिस्टिडीन येऊन बसतं. हिस्टिडीनचा जो भाग निकेलला चिकटतो ते एक छोटं कडं असतं, आणि त्या कड्याचंच नाव इमिडॅझोल. हेच इमिडॅझोल सुटं, पांढऱ्या भुकटीच्या रूपात विकत मिळतं. ते पाण्यात घातलं की निकेलवरच्या जागांसाठी शेपटीशी स्पर्धा करतं. पुढचा सगळा खेळ त्याच्या प्रमाणाचा आहे.

पेशींचा गाळलेला रस कॉलममधून सोडला की मण्यांचा वरचा थर हिरवा होत जातो आणि बाकीचा रस खाली निघून जातो. पण जिवाणूच्या ज्या प्रथिनांत दोन-तीन हिस्टिडीन योगायोगाने जवळजवळ आलेली असतात, तीही हलकीशी चिकटतात. त्यांना हटवायला धुण्याच्या द्रावणात लिटरला सुमारे १.४ ग्रॅम इमिडॅझोल घालतात, म्हणजे २० मिलिमोलर. एवढ्यानं सैल पकड सुटते, पण सहा हिस्टिडीनची घट्ट पकड टिकते. मग लिटरला १७ ग्रॅम, म्हणजे २५० मिलिमोलरचं द्रावण सोडलं की हिरवा पट्टा सरकू लागतो आणि तोटीतून हिरवे थेंब पडतात. धुतानाच पाणी हिरवं येऊ लागलं, तर इमिडॅझोल जास्त झालं असं समजावं.

इथे एक चूक हमखास होते. इमिडॅझोल अल्कधर्मी आहे. ते विरघळवल्यावर आम्ल घालून पीएच पुन्हा ८ वर आणावा लागतो, नाहीतर बाहेर पडणारं प्रथिन भलत्याच पीएचच्या द्रावणात जातं. उलट पीएच ६ च्या खाली गेला तर हिस्टिडीनच्या कड्यावर हायड्रोजन आयन बसतो आणि शेपटीची पकडच जाते. दुसरी चूक ईडीटीएची. प्रथिनं तुटू नयेत म्हणून घालायच्या काही तयार मिश्रणांत ते असतं आणि ते निकेलच ओढून नेतं. कॉलम पांढरा पडला आणि हिरवा रस न थांबता खाली आला, तर संशय त्याच्यावरच घ्यावा.

तोटीतून आलेला हिरवा रंग प्रथिन कुठे आहे एवढंच सांगतो. ते किती शुद्ध आहे, हे जेलवरच कळतं. जेलवर प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होतात आणि निळ्या रंगाने सगळीच दिसू लागतात. जीएफपीचा ठळक पट्टा २७ हजार डाल्टनजवळ येतो. त्याच्या अगदी लगत बऱ्याचदा एक फिका पट्टा दिसतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. तो असतो जिवाणूच्या स्लायडी या प्रथिनाचा. त्याचं खरं वजन २१ हजारांच्या आसपास, पण जेलवर ते जास्त जड असल्यासारखं दिसतं. त्याचं शेवटचं टोक हिस्टिडीननं भरलेलं असल्यामुळे ते निकेलला जवळजवळ शेपटीवाल्या प्रथिनासारखंच धरतं. म्हणून कितीही धुतलं तरी ते पूर्ण जात नाही.

धुण्याच्या द्रावणातलं इमिडॅझोल वाढवून बघता येतं, पण मग आपलंही प्रथिन गळू लागतं. मणी कमी घेतले तर फायदा होतो. जागा अपुऱ्या पडल्या की घट्ट धरणारी शेपटी इतरांना हुसकावते. तरीही स्लायडी राहिलंच, तर शेपटी कापायची. टीईव्ही हे विकर ठरावीक जागीच कात्री चालवतं. कापून झाल्यावर इमिडॅझोल डायलिसिसनं काढून टाकायचं आणि मिश्रण पुन्हा निकेलवर सोडायचं. आता स्लायडी, कापलेली शेपटी आणि स्वतःची शेपटी असलेलं टीईव्ही मण्यांना चिकटून राहतात आणि जीएफपी न थांबता खाली उतरतं. मात्र त्यासाठी कापायची जागा जनुक बांधतानाच शेपटी आणि प्रथिनाच्या मध्ये घातलेली असावी लागते.