ताजमागचे आकाश बदलताना

ताजमहालाचे सगळ्यांच्या ओळखीचे चित्र दक्षिणेकडून घेतलेले असते. मुख्य दरवाजा ओलांडून माणूस बागेत येतो. समोर लांब हौद, दोन्ही बाजूंना सरूची झाडे आणि सरळ उत्तरेला पांढरा घुमट. याच जागेवरून काढलेल्या कितीतरी चित्रांत घुमटाच्या बरोबर मागे केशरी सूर्य बुडताना दिसतो. तिथे तो कधीच बुडत नाही. आग्रा कर्कवृत्ताच्या उत्तरेला, साधारण २७ अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य पश्चिमेपासून उत्तरेकडे सर्वाधिक सरकतो, तेही जेमतेम २७ अंश. बागेतून पाहणाऱ्याच्या तो खूप डावीकडे, चौकटीच्या बाहेर राहतो. हिवाळ्यात तर तो छायाचित्रकाराच्या डाव्या खांद्यामागे मावळतो.

हे गणित ठाऊक नसलेल्या माणसालाही ते चित्र खटकते. सूर्य मागे असेल तर ताजची आपल्याकडची बाजू सावलीत हवी, पण या चित्रांत ती भर दुपारसारखी लख्ख असते. आकाश ही इमारतीमागे टांगलेली पार्श्वभूमी नसते. समोरच्या प्रत्येक दगडावर पडणारा उजेड तिथूनच येतो. म्हणून आकाश बदलले की खालचे सारे काही पुन्हा उजळावे किंवा विझवावे लागते, आणि खरे काम तेच आहे.

आकाश बदलण्याची ही खटपट संगणकापेक्षा फार जुनी आहे. १८५०च्या दशकात छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. समुद्र नीट उमटेपर्यंत वरचे आकाश कोरे पांढरे होऊन जाई. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने समुद्राची एक आणि ढगांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेऊन एकाच कागदावर छापल्या. त्याचे १८५७ सालचे सेतच्या किनाऱ्यावरील मोठ्या लाटेचे चित्र असेच तयार झाले. जोड लपवायला त्याला क्षितिजाची सरळ रेघ मिळाली होती. ताजपाशी तशी रेघ नाही. तिथे घुमट, कळस, चार मिनार आणि झाडांचे शेंडे आहेत.

आता एक प्रत्यक्ष चित्र घेऊ. जानेवारीची सकाळ, हलके धुके, आकाश पांढरट आणि सपाट. अशा उजेडात कुठेच धारदार सावली पडत नाही. संपूर्ण आकाशच दिवा झालेले असते, म्हणून प्रकाश सगळीकडून मऊ येतो. या चित्रामागे तळपत्या सूर्याचे आकाश लावले तर प्रत्येक मिनाराची, प्रत्येक कमानीची सावली हाताने रंगवावी लागेल आणि तरीही ती खरी वाटणार नाही. शोभेल ते सूर्यास्तानंतरचे आकाश. सूर्य क्षितिजाखाली गेला की प्रकाश पुन्हा मऊ होतो, सावल्या विरतात. उलट कडक उन्हात काढलेल्या चित्राला पावसाळी, दाटलेले आकाश लावता येत नाही, कारण जमिनीवरच्या काळ्या सावल्या गुपित फोडतात.

म्हणून आकाश निवडण्याआधी सावल्या वाचाव्यात आणि मग दिशा तपासावी. ताजमागे उत्तरेचे आकाश असते, तेव्हा मावळतीकडे थेट तोंड करून घेतलेले भडक आकाश तिथे नको. मावळतीच्या बाजूला वळून घेतलेले, डावीकडे किंचित उजळ आणि उजवीकडे निळसर जांभळे होत जाणारे आकाश हवे. ते शक्यतो तितक्याच रुंद लेन्सने घेतलेले असावे. नाहीतर ढग इमारतीच्या मानाने राक्षसी दिसतात.

फोटोशॉपमध्ये २०२० पासून Edit मेनूत Sky Replacement ही सोय आहे. ती आकाशाचा भाग स्वतः ओळखते आणि नवे आकाश बसवते. मात्र पांढऱ्या धुक्यापुढचा पांढरा संगमरवर ओळखताना ती अडखळू शकते. मिनाराची कड कुरतडली जाते किंवा तिच्याभोवती जुन्या आकाशाची उजळ किनार उरते. Shift Edge आणि Fade Edge या सरकपट्ट्यांनी बरेच सावरता येते, पण कळसाच्या टोकाशी आणि सरूच्या पानांत चित्र दुप्पट मोठे करून मास्क हातानेच दुरुस्त करावा लागतो. शेवटी New Layers हा पर्याय निवडला तर आकाश, प्रकाश आणि रंग वेगवेगळ्या लेयरमध्ये मिळतात आणि पुढचे काम हातात राहते.

ते पुढचे काम उजेडाचे. मूळ चित्रात घुमट ० ते २५५ या मापावर २२०च्या आसपास आहे आणि नवे आकाश १४० वर. संध्याकाळी असा लखलखता संगमरवर दिसणार नाही. कर्व्ह वापरून घुमट साधारण १५५पर्यंत, म्हणजे एक स्टॉपच्या जवळपास, खाली आणावा. मावळतीची उरलेली प्रभा डावीकडून येते, म्हणून घुमटाची डावी बाजू थोडी उजळ आणि उबदार राहू द्यावी. उजवी बाजू १२०पर्यंत उतरवून तिच्यात निळसर छटा मिसळावी. दोन कर्व्ह लेयर आणि प्रत्येकावर डावीकडून उजवीकडे विरत जाणारा मास्क एवढ्याने हे साधते. संगमरवर पांढरा असल्याने त्याच्यावर पडेल तो रंग तो दाखवतोच. त्याचा मूळचा राखाडी पांढरेपणा तसाच राहिला तर इमारत कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

धुक्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मूळ चित्रात ताजच्या गडद कमानीही धुक्यामुळे फिक्या झालेल्या असतात. त्याच्याही मागे, कित्येक किलोमीटर दूर असलेले ढग मात्र लख्ख रेखीव दिसले तर दूरची वस्तू जवळच्या वस्तूपेक्षा स्पष्ट ठरते, आणि निसर्गात धुक्यात तसे होत नाही. म्हणून आकाशाचा खालचा तिसरा भाग फिका करून, कमी काँट्रास्टने धुक्यात विरघळवावा लागतो. सुंदर ढग असे झाकताना हात आखडतो, पण झाकावेत.

मग हौद. फोटोशॉपची ही सोय पाण्यात आकाश उमटवत नाही. वर जांभळी संध्याकाळ आणि पाण्यात पांढरी सकाळ राहते, आणि पाहणाऱ्याची नजर हौदावरूनच ताजकडे जात असल्याने ही चूक सर्वांत आधी सापडते. आकाशाची प्रत उलटी करून पाण्यावर ठेवावी. ती वरच्यापेक्षा गडद असावी आणि लहरी असतील तर उभ्या दिशेने थोडी पुसट करावी. उलटवताना आरसा क्षितिजाच्या रेषेवर धरावा, हौदाच्या काठावर नाही, कारण ढग फार दूर असतात. ओल्या फरशीवरही तोच रंग थोडा झिरपायला हवा.

तपासणीची एक खात्रीची पद्धत म्हणजे चित्र तात्पुरते कृष्णधवल करणे. रंगांची भूल गेली की उजेडाचा हिशोब उघडा पडतो; घुमट आकाशाच्या मानाने फार उजळ राहिला असेल तर लगेच कळते. चित्र आडवे उलटवून पाहिल्यावरही सवयीने न दिसणारी किनार अचानक डोळ्यांत भरते.

असे चित्र कॅलेंडरवर, भिंतीवर, जाहिरातीत चालते. बातमीच्या छायाचित्रात चालत नाही. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’सारख्या स्पर्धेत चित्रात काही घालण्यास किंवा त्यातून काही काढण्यास बंदी आहे, आणि अंतिम फेरीत पोहोचलेल्यांकडून कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली मागवून तपासल्या जातात.