गरोदरपणातील कंड : नाजूक जागेचा आणि तळव्यांचा

सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली की तिचे पाय सुजले आहेत का, जेवण जाते का, झोप लागते का, याकडे आईचे बारीक लक्ष असते. एक तक्रार मात्र मुलगी आईपाशीही सहसा बोलत नाही. ती म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाला सुटणारा कंड. बोललीच, तर घरातून ठरलेले उत्तर येते, ‘उष्णता झाली असेल.’ मग धणे-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा सुरू होतो. त्याने अपाय काही होत नाही. पण ‘उष्णता’ या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. एक त्रासदायक असली तरी साध्या औषधाने आठवडाभरात आटोक्यात येणारी आहे. दुसरी यकृतातून उद्भवते आणि तिचा संबंध पोटातील बाळाच्या जिवाशी येऊ शकतो. दोन्ही तक्रारी एकाच स्त्रीला एकाच महिन्यात होऊ शकतात, आणि तसे झाले की पहिलीच्या आड दुसरी लपते.

आधी नाजूक जागेच्या खाजेचा विचार करू. गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण खूप वाढते. त्यामुळे योनीच्या अस्तरात साखरेचा साठा वाढतो आणि एरवी तिथे गुपचूप राहणाऱ्या कॅन्डिडा नावाच्या बुरशीला तो पोषक ठरतो. अशा वेळी दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट पांढरा स्राव जातो, जागा लाल होते, खाज सुटते आणि लघवी करताना बाहेरच्या त्वचेला झोंबते. स्रावाला फारसा वास नसतो. वास माशासारखा असेल किंवा स्राव हिरवट-पिवळा आणि फेसाळ असेल, तर कारण बुरशी नसून दुसरा संसर्ग असतो आणि त्याची औषधे वेगळी आहेत. म्हणून पहिल्यांदाच त्रास होत असेल तर डॉक्टरांनी तपासून पाहिलेले चांगले. ही बुरशी गर्भाला इजा करत नाही, हे मुलीला आवर्जून सांगावे. तिच्या मनातील निम्मी भीती त्याविषयीच असते.

यावरील सुरक्षित आणि जुने औषध म्हणजे क्लोट्रिमॅझोल. १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री झोपताना योनीत ठेवायची, अशा सात रात्री. बाहेरच्या त्वचेसाठी याच औषधाचे एक टक्का मलम मिळते. एरवी एक-दोन दिवसांत संपणारा उपचार गरोदरपणात अपुरा पडतो, म्हणून सात रात्रींचा क्रम पुरा करावा. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबू नये. शेवटच्या महिन्यांत गोळीबरोबर येणारी नळी न वापरता, हात स्वच्छ धुऊन बोटाने गोळी ठेवणे अधिक सोयीचे आणि सौम्य असते. रक्तस्राव होत असेल किंवा पाणी जात असल्याची शंका असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत काहीही ठेवू नये. फ्लुकोनॅझोल नावाची पोटात घेण्याची गोळी या काळात टाळली जाते. ‘एका गोळीत काम होते’ म्हणून औषधाच्या दुकानातून नेमकी तीच घरी येते, याकडे लक्ष असू द्यावे.

दुकानातून येणारी दुसरी वस्तू म्हणजे बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र केलेले मलम. ते लावताच दोन दिवसांत खाज थांबते, आणि त्यामुळेच ते फसवे आहे. जांघेत गोल कडांचे नायटे असतील तर त्या मलमाखाली ते दबतात, पसरतात आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाहीत. नाजूक त्वचा पातळ होते ती वेगळीच. तुरटीचे पाणी, जंतुनाशक द्राव, सुगंधी साबण यांचीही गत अशीच. ती त्वचा आणखी कोरडी करतात आणि खाज वाढवतात. बोरिक पावडर गरोदरपणात योनीत वापरू नये. साधे कोमट पाणी, सुती अंतर्वस्त्र आणि धुतल्यावर अलगद टिपून कोरडी केलेली जागा एवढे पुरे आहे. आतून धुण्याची मुळीच गरज नाही.

सात रात्रींनंतरही त्रास राहिला किंवा महिन्याभरात परत आला, तर रक्तातील साखर तपासलेली आहे ना, हे पाहावे. गरोदरपणातील मधुमेहात ही बुरशी वारंवार डोके वर काढते. तसेच खाजेऐवजी आग होणारे बारीक फोड किंवा व्रण दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. बाळंतपण जवळ आलेले असताना नागिणीच्या जातीच्या विषाणूची ती लक्षणे असू शकतात आणि प्रसूती कशी करायची हे त्यावर ठरते.

आता दुसऱ्या खाजेकडे वळू. हिची जागा, वेळ आणि त्वचेचे रूप, सारेच वेगळे असते. ती बहुधा तळहात आणि तळपायांना सुरू होते, रात्री वाढते, आणि त्वचेवर पुरळ नसतो. दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे. मुलगी रात्री उठून थंड फरशीवर पाय ठेवून उभी राहते किंवा पाय पाण्यात बुडवते, हे दृश्य घरातील वडीलधाऱ्या माणसाने ओळखायला हवे. पोटावरच्या ताणाच्या रेषांमध्ये उठणारा लालसर पुरळ निराळा. तो बेंबीभोवतीची जागा सोडून पसरतो, खूप खाजतो, पण बाळाला त्याचा धोका नसतो.

यकृतात तयार झालेले पित्त बारीक नलिकांतून आतड्यात उतरते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात संप्रेरकांच्या प्रभावाने काही स्त्रियांमध्ये हा प्रवाह मंदावतो आणि पित्तातील आम्ले रक्तात साठू लागतात. त्यातून ही खाज उद्भवते. आपल्या भाषेत ‘अंगावर पित्त उठणे’ म्हणजे गांधी येणे, आणि ‘पित्त झाले’ म्हणजे घशाशी आंबट येणे. या आजाराचा त्या दोन्हींशी संबंध नाही. शब्द एकच असल्याने घोटाळा होतो आणि मुलीला आवळासुपारी दिली जाते. दुसरा गैरसमज त्याहून महागात पडतो. ‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे यकृत ठीक आहे,’ असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या आजारात बहुतेकींना कावीळ दिसतच नाही. खाज हेच मुख्य आणि पुष्कळदा एकमेव लक्षण असते. लघवी गडद आणि शौच फिकट होणे हे काहींच्याच बाबतीत आढळते.

ब्रिटनमधील अनुभव असा की तिथे सर्व गरोदर स्त्रियांमध्ये हा आजार हजारात सातजणींना होतो, तर भारतीय व पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांमध्ये बारा ते पंधराजणींना. आई किंवा बहिणीला तो झाला असेल, तर शक्यता वाढते. म्हणून आईने आपल्या गरोदरपणाची आठवण चाळून पाहावी. ‘मलाही शेवटी रात्ररात्र खाज यायची’ हे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने मोलाचे असते.

एक नमुनादाखल उदाहरण घेऊ. बत्तिसाव्या आठवड्यात एका मुलीला नाजूक जागेची खाज सुरू झाली. पांढरा घट्ट स्राव होता. सात रात्रींच्या गोळ्यांनी स्राव थांबला, तिथली खाजही गेली. मात्र चौतिसाव्या आठवड्यात रात्री तळवे खाजू लागले. घरच्यांना वाटले, जुनीच तक्रार अंगभर पसरली. पण योनीतील बुरशी तळहातांपर्यंत पसरत नाही. डॉक्टरांनी यकृताच्या चाचण्या आणि रक्तातील पित्ताम्लांची तपासणी सांगितली. पित्ताम्ले ११ आली, म्हणजे ठीक. येथेच पुष्कळ घरे थांबतात. पण खाज चालूच असल्याने आठवड्याने तपासणी पुन्हा केली, तेव्हा आकडा ४६ निघाला आणि एसजीपीटीही वाढलेले होते. खाज आधी आणि रक्तातील बदल नंतर, असे या आजारात घडते. म्हणून एकदा चाचणी चांगली आली तरी खाज टिकून असेल तर ती पुन्हा करायची असते. अहवालात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले दिसले तर त्यावरून घाबरू नये. गरोदरपणात वारेतूनही ते येते.

आकड्यांचा अर्थ असा. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०२२च्या मार्गदर्शनानुसार पित्ताम्ले १९ किंवा अधिक असतील तर हा आजार मानतात. त्यासाठी उपाशी पोटाची गरज नाही. ४०च्या आत सौम्य, ४० ते ९९ मध्यम आणि १०० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र. जुळे नसेल आणि दुसरा काही आजार नसेल, तर १००च्या खाली बाळ पोटात दगावण्याचा धोका इतर गरोदरपणांइतकाच असतो. १००च्या वर मात्र तो शंभरात साधारण तीन-साडेतीन इतका होतो. म्हणूनच तीव्र प्रकारात ३५ ते ३६ आठवड्यांत, मध्यम प्रकारात ३८ ते ३९ आठवड्यांत प्रसूती करण्याचा विचार होतो. सौम्य प्रकारात चाळिसाव्या आठवड्यापर्यंत थांबता येते. आपल्या उदाहरणातील मुलीच्या चाचण्या दर आठवड्याला झाल्या, आकडा पन्नाशीतच राहिला आणि अडतिसाव्या आठवड्यात कळा सुरू करण्याची तारीख ठरली.

उपचारांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत त्यांनी खाज थोडीच कमी झाल्याचे दिसले. बाळाच्या धोक्यात फरक पडला नाही. त्यामुळे गोळ्या सुरू आहेत म्हणून रक्ततपासणी किंवा ठरलेली तारीख टाळता येत नाही. मेंथॉल घातलेले सौम्य मलम, थंड पाण्याचा हात, सैल सुती कपडे आणि डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीरोधक गोळी यांनी रात्र थोडी सुसह्य होते. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. पण हालचाल चांगली आहे म्हणून तपासणी पुढेही ढकलू नये. खाजेबरोबर डोळे पिवळे होणे, उलट्या, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही दिसले, तर यकृताचा किंवा रक्तदाबाचा अधिक गंभीर आजार असू शकतो. ते तासाभराचेही थांबणे नव्हे.

बाळंतपणानंतर ही खाज काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत ओसरते. यकृताच्या चाचण्या मात्र चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा कराव्यात. तेव्हाही त्या सुधारल्या नाहीत तर दुसरे कारण शोधावे लागते. पुढच्या खेपेला हा आजार उलटण्याची शक्यता बरीच असते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही कधी कधी खाज परतते, तेव्हा त्या घेण्यापूर्वी हा इतिहास सांगावा, आणि अहवालांची फाईल सासरी परतताना मुलीबरोबर द्यावी.