सोमवारची पहिली पाळी रविवारी सकाळी सुरू होते

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या प्रेसशॉपमध्ये सकाळी सहाला हजेरी लागली, की ऑपरेटरपुढचं पहिलंच काम सगळ्यात जोखमीचं असतं. रात्रपाळीने बसवलेल्या डायचे क्लॅम्प घट्ट आहेत का ते बघायचं, दोन्ही हातांची बटणं तपासायची, पहिला पीस काढून गेजवर लावायचा. पण पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं आणि त्याची सुस्ती सहालाही पुरती उतरलेली नसते.

समजा, आठवडाभर दुसरी पाळी करून हा ऑपरेटर रात्री एकला झोपत आणि नऊला उठत होता. सोमवारी त्याला पहाटे चारला उठायचंय, म्हणून रविवारी तो आठलाच अंथरुणावर पडतो. झोप काही येत नाही, कारण नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर विशेष जागं असतं. कूस बदलत बारा वाजतात आणि हाती जेमतेम चार तास लागतात.

यावर उपाय रविवारी सकाळीच करावा लागतो. सुट्टी असली तरी सातला उठून अर्धा तास मोकळ्या उन्हात फिरावं. मटणाचं जेवण झाल्यावर ताणून देऊ नये, दुपारी दोननंतर चहा घेऊ नये, रात्रीचं जेवण सातपर्यंत उरकावं आणि दहाला दिवे मालवावेत. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे पुरी झोप यानेही मिळत नाही. पण चारऐवजी पाच-साडेपाच तास मिळाले, तरी सहाला फरक जाणवतो.

पुढचा धोका कंपनीच्या बसमध्ये असतो. पाचला बसलेला माणूस गाढ झोपतो आणि पावणेसहाला गेटवर दचकून उठतो. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं ताळ्यावर यायला अर्धा तास सहज लागतो, म्हणजे क्लॅम्प तपासताना तो अर्धवट झोपेतच असतो. डुलकी घ्यायचीच तर बसल्याबरोबर वीस मिनिटांचा गजर लावून घ्यावी. चहाचा असर व्हायलाही साधारण अर्धा तास जातो, त्यामुळे तो सहाला मशिनजवळ न घेता साडेपाचला थर्मासमधून घेतलेला बरा. सोबत केळं किंवा मूठभर शेंगदाणे पुरेत; पोटभर नाश्ता आठच्या सुट्टीत करावा.

लॉगबुकातली एकच ओळ दोनदा वाचावी लागली किंवा गेजचा आकडा लिहिताना विसरला, तर डोकं अजून जागेवर नाही. अशा वेळी पहिला पीस दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. सोमवारी-मंगळवारी तर घ्यावाच.

मात्र दुसरीनंतर पहिली हा क्रमच उलटा आहे. झोप पुढे ढकलणं शरीराला अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं जातं. म्हणून पहिली, दुसरी, रात्र असा क्रम लावून रात्रपाळीनंतर दोन दिवस सुट्टी देणं कामगाराच्या नाही, वेळापत्रक आखणाऱ्याच्या हातात असतं.